गवळी वैशाली ज्ञानेश्वर: तिकिटावर जागा बदललेल्या आडनावाचे प्रकरण

मावशीच्या विमान तिकिटावर नाव छापून आले होते ते असे: DNYANESHWAR/GAVALI VAISHALI MRS. तिन्ही शब्द तिचेच. मधले नाव काकांचे, आडनाव सासरचे, पहिले नाव माहेरापासूनचे. मराठी माणसाने हे वाचले तर त्याला काहीच खटकणार नाही. पण विमान कंपनीच्या संगणकासाठी तिरप्या रेघेच्या आधी असते ते आडनाव, आणि नंतर असते ते दिलेले नाव. त्यामुळे त्या तिकिटावर प्रवास करणारी बाई होती ‘ज्ञानेश्वर’ आडनावाची. मावशीच्या पासपोर्टवर आडनाव आहे GAVALI.

तिकीट मी काढले होते. घरातली तिकिटे गेली दहा-बारा वर्षे मीच काढतो, त्यामुळे ही चूक कुठे जन्माला आली, किती दिवस लपून राहिली आणि निस्तरताना कोणकोणत्या दारांवर जावे लागले, हे सगळे पहिल्यापासून सांगता येईल. नावे मी बदलली आहेत, अक्षरांचा घोटाळा मात्र जसा झाला तसाच ठेवला आहे.

चूक दोन वर्षे आधीच झाली होती

मावशी कऱ्हाडची. मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिच्या बाळंतपणासाठी मावशी निघाली होती. मुंबईहून युरोपात एक थांबा आणि तिथून नेवार्क. पहिले विमान एका कंपनीचे, पुढचे तिच्या भागीदार कंपनीचे, पण तिकीट एकच. ते मी कंपनीच्या संकेतस्थळावरून न काढता एका प्रवास संकेतस्थळावरून काढले, कारण तिथे मावशीची माहिती साठवलेली होती. मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास प्रवाशांच्या यादीतल्या तिच्या नावावर टिचकी मारली, चौकोन आपोआप भरले गेले, आणि मी पैसे भरून मोकळा झालो. प्रवास तेवीस दिवसांवर होता.

यादीतले ते नाव दोन वर्षांपूर्वी भरलेले होते. तेव्हा मावशी आणि काका पुण्याहून दिल्लीला गेले होते आणि ओळखपत्र म्हणून आधार कार्ड नेले होते. आधारवर नावाची एकच ओळ असते, आडनावासाठी वेगळा रकाना नसतो. मावशीच्या आधारवर ती ओळ आहे Gavali Vaishali Dnyaneshwar. आपल्याकडे शाळेचा दाखला, मतदार यादी असे अनेक कागद आडनावापासून सुरू होतात. तिचे आधार ज्या कागदावरून झाले त्यावर तोच क्रम असणार. ती ओळ मी पाहून डावीकडून उजवीकडे टाइप केली. First Name मध्ये Gavali Vaishali गेले, आणि शेवटचा शब्द Dnyaneshwar हा Last Name मध्ये जाऊन बसला. ‘लास्ट नेम’ म्हणजे शेवटी लिहिलेले नाव असे त्या क्षणी हाताने गृहीत धरले. त्या चौकोनाचा अर्थ आडनाव असा आहे, मग ते कागदावर पहिले लिहिलेले असो, मधे असो की शेवटी.

दिल्लीच्या प्रवासात कुणीच काही बोलले नाही. देशांतर्गत प्रवासात विमानतळाच्या दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि ओळखपत्र शेजारी धरून डोळ्यांनी वाचतो. तिन्ही शब्द दोन्हीकडे आहेत, फोटो जुळतो, त्याने आत सोडले. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण त्यामुळे माझ्या यादीतली चुकीची नोंद ‘चाललेली’ नोंद ठरली, आणि पुढच्या वेळी मी ती पुन्हा वाचायची तसदी घेतली नाही.

चूक सापडली ती मावसबहिणीमुळे. तिला विमानतळावर घ्यायला यायचे होते म्हणून मी रविवारी तिला ई-तिकीट पाठवले. तिचा लगेच फोन आला. “दादा, आईचं आडनाव कुठे गेलं? आणि पासपोर्टवर ती डबल ई वाली वैशाली आहे ना?”

दुसरी गोष्टही खरी निघाली. आधारवर VAISHALI आहे आणि पासपोर्टवर VAISHALEE. म्हणजे एक नाही, दोन चुका.

पासपोर्टच्या तळाची ओळ

‘वैशाली’ रोमी लिपीत कशी लिहायची याचे एकच उत्तर नाही. दीर्घ ई कुणी I ने लिहितो, कुणी EE ने. गवळीतला ‘व’ कुणाकडे V असतो तर कुणाकडे W. ‘ज्ञ’चा उच्चार आपण द्न्य असा करतो म्हणून DNYANESHWAR, हेच नाव हिंदी वळणाने लिहिले की GYANESHWAR होते. ऋतुजाची RUTUJA आणि RITUJA अशी दोन्ही रूपे एकाच वर्गात सापडतील. यातले कुठलेही रूप मराठीच्या दृष्टीने चूक नाही. त्या-त्या कार्यालयात फॉर्म भरणाऱ्याने जे लिहिले ते त्या-त्या कागदावर कायम झाले, एवढेच. म्हणून तिकीट काढताना ‘नावाचे खरे स्पेलिंग कोणते’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. विमानतळावर जो कागद हातात असेल त्यावर काय छापले आहे, तेवढेच पाहायचे. परदेशी जाताना तो कागद म्हणजे पासपोर्ट. आधार, पॅन, लग्नापासूनची सवय, सगळे बाजूला.

पासपोर्टवरही नेमके कुठे पाहायचे? फोटोच्या पानावर Surname आणि Given Name(s) असे दोन वेगळे रकाने असतात, आणि त्याच पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळ बरोबर 44 अक्षरांची. मावशीची वरची ओळ अशी आहे:

```
P<INDGAVALI<<VAISHALEE<DNYANESHWAR<<<<<<<<<<
```

P म्हणजे पासपोर्ट, IND म्हणजे तो भारताने दिला आहे. त्यानंतर आडनाव. आडनाव संपले की दोन चिन्हे, आणि पुढे दिलेली नावे, ज्यांच्या मध्ये एकेकच चिन्ह. उरलेली जागा त्याच चिन्हाने भरलेली. ही ओळ एकदा वाचायला शिकले की आडनावाबद्दल शंका उरत नाही: दुहेरी चिन्हाच्या डावीकडे जे आहे ते Last Name, उजवीकडचे सगळे First Name. फॉर्ममध्ये मधल्या नावाचा वेगळा चौकोन नसेल तर VAISHALEE DNYANESHWAR हे दोन्ही शब्द पहिल्याच चौकोनात जातात.

चेक-इन काउंटरवर पासपोर्ट यंत्रातून सरकवला की हीच ओळ वाचली जाते आणि आरक्षणातल्या नावासमोर येते. तिथे डोळ्यांनी समजून घेणारा जवान नसतो. अमेरिकेच्या प्रवासात आणखी एक थर असतो. 2009 पासून तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची सिक्युअर फ्लाइट ही पद्धत लागू आहे. तीत प्रवाशाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग विमान कंपनीला आधीच पाठवावे लागते, आणि ते नाव प्रवासात दाखवायच्या ओळखपत्राप्रमाणे असावे लागते. मावशीचा व्हिसा पासपोर्टवरून झालेला, त्यामुळे त्यावर Surname GAVALI आहे. म्हणजे पासपोर्ट आणि व्हिसा एका बाजूला, तिकीट एकटे दुसऱ्या बाजूला.

घरात तोवर सल्ले सुरू झाले होते. काकांचे म्हणणे, तहसीलमधून प्रतिज्ञापत्र करून घेऊ की ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. कुणीतरी राजपत्रात नाव छापून घ्यायला सांगितले. हे दोन्ही उपाय कागदपत्रांतली नावे बदलण्यासाठी आहेत. मावशीची कागदपत्रे चुकलेली नव्हतीच, तिकीट चुकले होते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला आरक्षणात नाव जुळवायचे असते. त्याच्यापुढे मराठी प्रतिज्ञापत्र धरून काही होत नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांना शांतपणे समजावून सांगितली, कारण तिच्यामुळे अनेक जण उगाच घाबरतात. ई-तिकिटावर नाव GAVALI/VAISHALEEDNYANESHWARMRS असे सलग छापून आले तर ती चूक नव्हे. बऱ्याच आरक्षण प्रणाली दिलेल्या नावांमधली मोकळी जागा काढून टाकतात आणि श्रीमती हे संबोधन शेवटी चिकटवतात. अक्षरे आणि त्यांचा क्रम बरोबर असला की पुरे.

‘बदल’ नव्हे, ‘दुरुस्ती’

सोमवारी सकाळी मी आधी विमान कंपनीला फोन केला. त्यांनी नम्रपणे सांगितले की तिकीट एजंटने काढले आहे, तेव्हा हात एजंटनेच लावायचा. हे टोलवणे वाटते, पण त्यामागे कारण आहे. आरक्षण म्हणजे पीएनआर, आणि तिकीट म्हणजे तेरा आकडी क्रमांकाची वेगळी नोंद. या दोन गोष्टी वेगळ्या असतात. तिकिटाची नोंद बदलायचे काम सहसा ते ज्याने जारी केले त्याच्याकडेच असते. नुसत्या आरक्षणातले नाव बदलले आणि तिकीट जुन्याच नावाचे राहिले, तर काउंटरवर दोन्हींची जोडी जुळत नाही.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा एक नियम आहे: त्याच प्रवाशाच्या नावातली चूक तिकीट काढल्यापासून 24 तासांत कळवली तर विमान कंपनीने त्यासाठी जादा पैसे घ्यायचे नाहीत. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटांना लागू होतो. माझे दोन्ही मुद्दे गेले होते. तिकीट एजंटचे, आणि मधे पाच दिवस उलटलेले. मंगळवारी रात्री किंवा बुधवारी सकाळी मी ते ई-तिकीट पासपोर्टशेजारी धरून एकदा वाचले असते, तरी निदान वेळेचा मुद्दा माझ्या बाजूने राहिला असता.

एजंटच्या मदत केंद्रावर पहिल्या फोनला जे उत्तर आले त्याने पोटात गोळा आला. “सर, लास्ट नेम बदलतंय म्हणजे नवीन पॅसेंजर होतो. हे तिकीट रद्द करा आणि नवीन काढा.” रद्द करण्याचे पैसे आणि तोवर वाढलेले भाडे धरून ती रक्कम मूळ तिकिटाच्या निम्म्याच्या आसपास जात होती.

त्या मुलीचेही पूर्ण चुकत नव्हते. विमानाचे तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कंपन्यांना भीती असते ती स्वस्तात घेतलेले तिकीट तिसऱ्याला विकले जाण्याची. म्हणून आडनाव बदलायची विनंती आली की पहिला संशय माणूस बदलण्याचा असतो. पण माणूस तोच आहे हे दाखवता आले, तर तो व्यवहार ‘दुरुस्ती’च्या खात्यात जातो. अनेक कंपन्या दोन-तीन अक्षरांची चूक किरकोळ धरतात आणि पहिल्या-शेवटच्या नावाच्या अदलाबदलीलाही वेगळी वाट ठेवतात. मी फोनवर ‘आडनाव बदलायचे आहे’ असे म्हणालो होतो. तो शब्द चुकला होता.

मग लेखी विनंती पाठवली. ‘प्रवासी तीच आहे, जन्मतारीख तीच आहे, दोन चौकोनांतली नावे एकमेकांच्या जागी गेली आहेत आणि एका नावाचे स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळे आहे’ असे लिहून खाली दोनच ओळी दिल्या:

```
Now:   DNYANESHWAR/GAVALI VAISHALI MRS
To be: GAVALI/VAISHALEE DNYANESHWAR MRS
```

सोबत पासपोर्टच्या फोटोच्या पानाची आणि व्हिसाची स्वच्छ प्रत. आरक्षणात मावशीची जन्मतारीख आधीपासून बरोबर होती, आणि माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडली ती हीच. तिन्ही शब्द आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळत असताना हा दुसरा माणूस आहे असे कुणी म्हणू शकत नव्हते. जन्मतारीखही अंदाजे टाकलेली असती तर ‘तीच बाई’ हे सिद्ध करायला आमच्याकडे काही उरले नसते.

या काळात मी ऑनलाइन चेक-इनला किंवा जागा निवडायच्या पानाला हातही लावला नाही. चेक-इन झाले की बहुतेक ठिकाणी नावाला कुलूप लागते.

तिसऱ्या दिवशी एजंटचा निरोप आला: विमान कंपनीने दुरुस्ती मान्य केली आहे, तिकीट नव्याने जारी होईल, आकार फक्त दुरुस्तीचा आणि एजंटच्या सेवेचा. तो पहिल्या दिवशी सांगितलेल्या रकमेच्या तुलनेत अगदीच थोडा होता. संध्याकाळी नवे ई-तिकीट आले, नवा तेरा आकडी क्रमांक घेऊन, नाव GAVALI/VAISHALEE DNYANESHWAR MRS. काकांनी ते छापून देवघरात ठेवले.

भागीदार कंपनीकडे जुनेच नाव

इथे मी थांबलो असतो तर हे प्रकरण मुंबईत सुटून युरोपातल्या विमानतळावर पुन्हा उघडले असते.

जोडतिकिटात दोन कंपन्या असल्या की आरक्षणाची एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या संगणकातही असते, आणि तिथे तिला तिचा स्वतःचा वेगळा सहा अक्षरी संकेत मिळतो. ई-तिकिटावर तो बारीक अक्षरांत कुठेतरी असतो. नसला तर पहिल्या कंपनीला विचारला की सांगतात. मी तो घेतला आणि भागीदार कंपनीच्या संकेतस्थळावर ‘माझे आरक्षण’ या पानावर गेलो. ही पाने संकेत आणि आडनाव अशा दोनच गोष्टी मागतात, आणि म्हणूनच ती तपासणीसाठी इतकी कामाची आहेत. संकेत टाकला, आडनाव GAVALI टाकले. आरक्षण सापडत नाही, असे उत्तर आले. तोच संकेत आणि आडनाव DNYANESHWAR टाकले, आणि आरक्षण उघडले.

पहिल्या कंपनीने नाव सुधारले होते, तिकीट नवे निघाले होते, पण त्या नाव-बदलाचा निरोप भागीदाराच्या प्रतीपर्यंत पोहोचला नव्हता किंवा त्यांनी तो स्वीकारला नव्हता. ई-तिकिटाच्या कागदावर याची काहीच खूण दिसत नाही. तो कागद पहिल्या कंपनीच्या नोंदीवरून छापला जातो, त्यावर दोन्ही विमाने आणि बरोबर नाव सुरेख दिसते. आडनाव टाकून दुसऱ्याचे दार उघडते का हे पाहिल्याशिवाय ही फट कळत नाही. एकाच कंपनीचे, थेट विमानाचे तिकीट असेल तर हा भाग नाही. दोन कंपन्या आल्या की मात्र तो माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे अडकलेला माणूस घरापासून हजारो किलोमीटर दूर, भाषा न समजणाऱ्या काउंटरसमोर उभा असतो.

पुन्हा एजंटला लिहिले. या वेळी दोन्ही संकेत दिले आणि भागीदाराकडे अजून जुने आडनाव आहे हे पडद्याच्या चित्रासह दाखवले. त्यांनी विमान कंपनीला कळवले. कंपनीने पुढच्या विमानाचा भाग नव्या नावाने पुन्हा पाठवून भागीदाराकडून पक्का करून घेतला. दोन दिवसांनी GAVALI टाकले तेव्हा ते पान उघडले, आणि आत नवा तिकीट क्रमांकही दिसला. तो क्रमांक तिथे दिसणे गरजेचे होते. नाव बरोबर आणि तिकीट जुने अशी जोडी राहिली असती तर पुढच्या विमानासाठी तिच्याकडे जागा असती, पण तिकीट नसते.

याच आठवड्यात शेजारचे एक गृहस्थ त्यांचा पासपोर्ट घेऊन आले. त्यांना दुबईला मुलाकडे जायचे होते. त्यांच्या पासपोर्टवर Surname हा रकाना कोरा होता आणि नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही शब्द Given Name(s) मध्ये. जुन्या पासपोर्टांत हे आपल्याकडे बरेच दिसते. फक्त एकच शब्द नाव म्हणून असेल तर परिस्थिती आणखी अवघड. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक आणि भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्या अशा एकशब्दी नावाच्या प्रवाशांना प्रवेश नाकारायचे जाहीर केले, आणि पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा नंतर आला. शेजाऱ्यांचे तीन शब्द होते, त्यामुळे ती अडचण त्यांना नव्हती. पण फॉर्मवरचा Last Name चा चौकोन रिकामा सोडता येत नाही, आणि तिथे काय भरायचे याचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत. मी त्यांचे तिकीट स्वतःच्या अंदाजाने भरले नाही. आधी त्या कंपनीला पासपोर्टचे पान पाठवून लेखी उत्तर घेतले, मग भरले. वेळ असेल तर पासपोर्टच नव्याने काढून आडनाव त्याच्या रकान्यात आणावे, असे त्यांना सुचवले आहे.

मावशी ठरल्या दिवशी निघाली. मुंबईच्या काउंटरवर पासपोर्ट सरकवला, बोर्डिंग पास दोन्ही विमानांचे एकदमच मिळाले. आत गेल्यावर तिचा घाबरून फोन आला. “अरे, यांनी पुन्हा नाव चुकवलं! पासवर नुसतं ‘GAVALI/VAISHALEE DNYAN’ असं आहे, यजमानांचं नाव अर्धंच छापलंय.” कागदाची रुंदी संपली की पासवर नाव असे तुटते, यंत्र वाचते ते आतल्या चौकटीतला सांकेतिक मजकूर आणि त्यामागची नोंद, आणि ती पूर्ण होती. तिला सांगितले, पास आणि पासपोर्ट एकत्र धर, आडनाव आणि पहिले नाव पूर्ण आहे तेवढे बघ. ते होते.

त्या रात्री मी प्रवास संकेतस्थळावरची साठवलेली यादी उघडली आणि तिच्यातली आधारवरून भरलेली सगळी नावे पुसली. सात होती. त्यातल्या दोघांची आडनावे Last Name च्या चौकोनात नव्हती.